वाढदिवसाआधीचे देणे: खेळणे निवडायचे कोणी?

वाढदिवसाच्या दोन-तीन आठवडे आधी मुलाने आपल्या खेळण्यांतून काही निवडायची आणि ती दुसऱ्या मुलांना द्यायची, ही पद्धत आता बऱ्याच घरांत रुळली आहे. तिची सुरुवात बहुधा जागेच्या अडचणीतून होते. नवी खेळणी येणार, कपाटात जागा नाही, म्हणून मूल शाळेत गेले की आई किंवा बाबा एक पिशवी भरतात आणि संध्याकाळी त्याला सांगतात, "तुझी जुनी खेळणी आपण देऊन टाकली बरं का." कपाट रिकामे होते, खेळणी कोणाच्या तरी कामी येतात, पण मुलाने यात काही दिलेले नसते, त्याचे काहीतरी गेलेले असते. देणे शिकायचे तर काय द्यायचे, किती द्यायचे आणि द्यायचे की नाही, हे तिन्ही निर्णय मुलाकडे असावे लागतात. मोठ्यांचे काम तयारीचे आणि तपासणीचे.

कोणत्या वयाला किती जमते

"सगळ्यांनी वाटून घ्यावं" हे मुलांना ठाऊक नसते म्हणून ती हातचे सोडत नाहीत, असा समज असतो. अमेरिकेतील स्मिथ, ब्लेक आणि हॅरिस या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन ते आठ वर्षांच्या मुलांना स्टिकर देऊन ते दुसऱ्या मुलाबरोबर वाटायला सांगितले. किती द्यायला हवेत, असे विचारल्यावर तीन वर्षांची मुलेही निम्मे-निम्मे म्हणत. प्रत्यक्षात मात्र लहान मुले जास्त वाटा स्वतःकडेच ठेवत. आपण किती देणार, असे आधी विचारले तरी ती प्रामाणिकपणे कमीच सांगत. बोलणे आणि वागणे जुळायला सातवे-आठवे वर्ष उजाडत होते. म्हणजे या वयात उपदेशाची कमतरता नसते. हातचे सोडण्याचा सराव तेवढा झालेला नसतो.

त्यामुळे निवडीचा आवाका वयाप्रमाणे ठरवावा. दोन-तीन वर्षांच्या मुलाला दिलेली वस्तू परत येणार नाही, हे नीट उमगत नाही. संध्याकाळी ते तीच वस्तू मागते. या वयात खेळणे देण्याऐवजी खाऊ वाटणे, पाहुण्याच्या हातावर बिस्कीट ठेवणे एवढे पुरे. चार-पाच वर्षांच्या मुलासमोर सगळे कपाट उपसले तर ते भांबावते आणि विसरलेल्या प्रत्येक खेळण्याशी नव्याने खेळू लागते. त्याच्यापुढे पाच-सहा खेळणी ठेवून त्यांतले एक किंवा दोन निवडायला सांगावे. सहा-सात वर्षांचे मूल पूर्ण प्रक्रिया पार पाडू शकते: कोणाला द्यायचे हे समजून घेणे, निवडणे, पुसून-धुऊन ठेवणे आणि नेऊन देणे.

निवड मुलाचीच का

या प्रश्नाला थेट भिडणारा एक प्रयोग आहे. नादिया चेर्न्याक आणि तमार कुशनीर यांनी अमेरिकेत तीन ते पाच वर्षांच्या मुलांबरोबर तो केला आणि २०१३ साली प्रसिद्ध केला. मुलांची गाठ एका दुःखी झालेल्या कुत्र्याच्या बाहुलीशी घालून दिली होती. काही मुलांना एक स्टिकर देऊन सांगितले, हा बाहुलीला दे किंवा तुझ्याकडे ठेव. काहींना सांगितले, तो बाहुलीलाच द्यायचा आहे. बहुतेक सगळ्या मुलांनी स्टिकर दिला. खरा प्रश्न त्यानंतरचा होता. थोड्या वेळाने त्यांच्यापुढे दुसरी बाहुली आली आणि आता किती स्टिकर द्यायचे ते सर्वस्वी मुलांवर सोडले. पहिल्या वेळी स्वतः ठेवता येत असूनही ज्यांनी दिला होता, त्यांनी दुसऱ्या बाहुलीला जास्त स्टिकर दिले. ज्यांना द्यायला लावले होते, त्यांनी कमी दिले.

याच अभ्यासाच्या दुसऱ्या भागात देण्याच्या वस्तू बदलल्या. काही मुलांना प्लास्टिकचा छोटा बेडूक देता येत होता, काहींना कागदाचा क्षुल्लक तुकडा. बेडूक देणारी मुले पुढच्या वेळीही जास्त देणारी ठरली. कागदाचा तुकडा देण्याने तो परिणाम झाला नाही. आपण देऊ शकतो अशी स्वतःबद्दलची समजूत मूल आपल्याच कृतीवरून बनवते, असा संशोधकांचा निष्कर्ष होता. कृती लादलेली असेल किंवा तिच्यात सोडण्यासारखे काही नसेल, तर त्या समजुतीला आधार उरत नाही.

हा प्रयोग थोड्या मुलांवर, एका बैठकीत झालेला आहे. एका वाढदिवसाने मूल आयुष्यभरासाठी उदार होते, असा अर्थ त्यातून काढता येत नाही. घरापुरत्या दोन गोष्टी मात्र त्यातून घेता येतात. 'नाही' हे उत्तर खरोखर चालले पाहिजे. आणि तुटके-फुटके देणे हे शिकण्याच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी आहे. घेणाऱ्याला तर ते नकोच असते.

आधी घेणारा ठरवावा

नेहमीचा क्रम उलटा असतो: आधी पिशवी भरायची, मग ती कुठे द्यायची हे शोधायचे. घेणारा आधी ठरला की निवड सोपी होते, कारण मुलापुढचा प्रश्न बदलतो. "तुला काय नको?" या प्रश्नाला मूल मोडकी खेळणी दाखवते. "अंगणवाडीतल्या मुलांना यातलं काय आवडेल?" असे विचारले की त्याला दुसऱ्याच्या जागी बसून विचार करावा लागतो.

जवळची अंगणवाडी किंवा बालवाडी हा बहुधा सर्वांत सोयीचा पर्याय. अंगणवाडीतील पूर्वशालेय वर्गात तीन ते सहा वर्षांची मुले असतात. म्हणजे सहा-सात वर्षांच्या मुलाने नुकतीच मागे टाकलेली खेळणी तिथे नेमकी उपयोगी पडतात. अंगणवाडी सेविकेला आधी भेटून काय हवे, काय नको आणि केव्हा आणायचे हे विचारावे. ठोकळे, चित्रकोडी, भातुकली, बाहुल्या, चेंडू यांना सहसा मागणी असते, कारण ती चार-पाच मुलांना मिळून खेळता येतात. बॅटरीवरच्या गाड्या अनेकदा नको असतात: सेल संपले की नवे आणायचे कोणी, हा प्रश्न असतो आणि खेळणे एकाच मुलाच्या हातात राहते. वर्गात एकच मोठे आकर्षक खेळणे गेले तर त्यावरून भांडणे होतात, हीही सेविकेची रास्त अडचण असते.

बालगृह किंवा रुग्णालयाचा बालविभाग निवडल्यास नियम अधिक काटेकोर असतात. वापरलेली कापडी, कापूस भरलेली खेळणी संसर्गाच्या भीतीने अनेक ठिकाणी घेतच नाहीत. छायाचित्रांबाबतही सावध राहावे लागते. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकांची ओळख कोणत्याही माध्यमातून उघड करण्यास बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ ने मनाई केली आहे. बालगृहातल्या मुलांबरोबर वाढदिवसाचे फोटो काढून ते गटांवर टाकणे म्हणूनच गैर ठरते.

तीन ढीग आणि दहा दिवस

समजा, एका मुलीचा सहावा वाढदिवस महिन्याच्या २५ तारखेला आहे. पाच तारखेला आई तिला घेऊन अंगणवाडीत जाते. सेविका ताई सांगतात की मुले बावीस आहेत, ठोकळे कमी पडतात आणि भातुकलीची भांडी हरवली आहेत. मुलगी पंधरा मिनिटे तिथल्या मुलांबरोबर खेळते. पुढच्या निवडीला लागणारी माहिती तिला इथेच मिळते.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी खेळणी बाहेर निघतात. माळ्यावरची, पलंगाखालची, बाल्कनीतली अशी सगळी एकत्र आणण्याचे काम मोठ्यांचे. जी खेळणी धाकट्या भावाची किंवा दोघांच्या मालकीची आहेत, ती आधीच बाजूला काढलेली असतात. दुसऱ्याच्या वस्तूवर औदार्य दाखवायची सोय ठेवू नये. मग चादरीवर तीन ढीग होतात: ठेवायची, द्यायची आणि अजून ठरलेले नाही अशी. तिसरा ढीग नसेल तर मूल शंका आली की खेळणे 'ठेवायची'मध्ये टाकते आणि विषय संपतो. तो असला की त्याला चटकन नाही म्हणावे लागत नाही.

मुलगी सगळ्यांत आधी चाक निखळलेली जीप देण्याच्या ढिगात ठेवते. आई म्हणते, "ही तू खेळशील का गं आता?"

"नाही. चाकच नाहीये तिला."

"मग तिथली मुलं कशी खेळतील?"

मुलगी जीप उचलून चौथ्या ठिकाणी, दाराजवळ ठेवते. ती भंगारात जाणार. इथे रागावण्याचे कारण नसते. या वयाचे मूल जे सोडायला सोपे तेच आधी सोडते, आणि "तू स्वतः खेळशील का?" ही कसोटी त्याला लगेच कळते.

पुढच्या अर्ध्या तासात देण्याच्या ढिगात चार वस्तू येतात: मोठे प्लास्टिकचे ठोकळे, बारा तुकड्यांची दोन चित्रकोडी आणि एक चेंडू. तिसऱ्या ढिगात भातुकली आणि लाकडी आगगाडी. भातुकलीशी ती अजून अधूनमधून खेळते. आगगाडीशी फारशी खेळत नाही, पण ती आजीने सावंतवाडीहून आणलेली आहे. तिसरा ढीग एका खोक्यात भरून आठवडाभर तिच्या हाताला येईल असा ठेवला जातो. त्या दिवसांत ती भातुकली दोनदा बाहेर काढते आणि पंधरा तारखेला सांगते, "भांडी देते, पण कुकर नाही देणार." आगगाडी ठेवायची, हेही ती सांगते.

अशा वेळी "कुकरशिवाय भातुकली कशी देणार?" असे म्हणण्याचा मोह मोठ्यांना होतो. तो टाळावा. बावीस मुलांच्या खेळात कुकर नसल्याने काही अडत नाही आणि कुकर मागे ठेवता आला म्हणूनच उरलेली भांडी तिने स्वतः दिलेली आहेत. आगगाडीबाबत आजीला आधी विचारणे योग्य ठरले असते, पण मुलीनेच ती ठेवल्याने तो प्रश्न मिटतो. एकूण पाच गोष्टी निघाल्या. घरात चाळीसेक खेळणी असताना पाच म्हणजे कमी, असे वाटू शकते. पहिल्या वर्षी त्या भरपूर आहेत.

देण्याआधीची तपासणी

सुरक्षेची जबाबदारी मुलावर टाकता येत नाही, ती मोठ्यांची. पहिली तपासणी लहान तुकड्यांची. तीन वर्षांखालील मुले हातात येईल ते तोंडात घालतात. खेळण्यांच्या प्रमाणित चाचणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाचे एक छोटे नळकांडे वापरतात. खेळण्याचा जो भाग त्यात पूर्ण मावतो, तो घशात अडकण्याचा धोका मानला जातो. घरी हाच अंदाज फूटपट्टीने घेता येतो. अंगणवाडीत थोरल्यांबरोबर धाकटी भावंडेही येतात, त्यामुळे बाहुलीचे सुटू लागलेले डोळे, मणी, बारीक गोट्या असलेली खेळणी वगळावीत. बटणासारख्या चपट्या सेलवर चालणारी खेळणी आणि छोटी लोहचुंबके तर कधीच देऊ नयेत. ती गिळली गेली तर अन्ननलिकेला किंवा आतड्याला गंभीर इजा होते.

दुसरी तपासणी रंगाची. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. त्याआधीच्या किंवा रस्त्यावर घेतलेल्या खेळण्याचा रंग निघत असेल, तर त्यात शिसे आहे की नाही हे घरी कळत नाही. असे खेळणे द्यायचे नाही.

साफसफाईत मात्र मुलाने हातभार लावावा. प्लास्टिकचे ठोकळे साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन उन्हात वाळवायचे, लाकडी वस्तू ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरड्या करायच्या. चित्रकोड्याचे तुकडे मोजून पिशवीवर आकडा लिहायचा. बारापैकी एक तुकडा नसेल तर ते कोडे अपुरे, ते बाहेर काढायचे. कापडी खेळणे देणार असतील तर धुतल्यानंतर आतला कापूस पूर्ण सुकला आहे, हे दाबून आणि वास घेऊन पाहायचे. बाहेरून कोरडे लागूनही आत ओल राहिली, तर दोन दिवसांत कुबट वास येतो.

कुठे बिनसते

सर्वांत मोठी चूक सौद्याची असते: "ही चार दिलीस तरच सायकल आणू." यात मूल देत नाही, विकते. बक्षिसाचा परिणाम अगदी तान्ह्या वयातही दिसतो. वार्नेकेन आणि टोमासेलो यांनी २००८ साली वीस महिन्यांच्या मुलांवर केलेल्या प्रयोगात, मदत केल्याबद्दल ज्यांना खेळणे मिळाले ती मुले पुढे कमी मदत करू लागली. ज्यांना काहीच मिळाले नव्हते ती करत राहिली. म्हणून वाढदिवसाची भेट आणि देणे यांची सांगड घालू नये. देणे वाढदिवसाच्या आधी, आठवडाभराचे तरी अंतर ठेवून उरकण्यामागेही हाच हेतू आहे. नवी खेळणी घरात आल्यावर जुनी देण्यात काही सोडावे लागत नाही, आणि आदल्या दिवशीच्या धावपळीत मुलाचे मन बदलायला वेळ राहत नाही.

दुसरी चूक जिव्हाळ्याच्या खेळण्याची. बऱ्याच मुलांचे एखादे मळके अस्वल, गोधडीचा तुकडा किंवा बाहुली असते, जिच्याशिवाय त्यांना झोप लागत नाही. ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम यांनी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना एक यंत्र दाखवले. ते कोणत्याही वस्तूची हुबेहूब नक्कल बनवते, असे मुलांना सांगितले होते. असे लाडके खेळणे असलेल्या काही मुलांनी ते यंत्रात ठेवूच दिले नाही आणि बाकीच्यांपैकी बहुतेकांनी नकलेऐवजी मूळ वस्तूच मागितली. अशा खेळण्याला पर्याय नसतो. ते चादरीवर आणूच नये आणि मुलाने भरात ते देऊ केले तरी तिसऱ्या ढिगात ठेवून आठवडाभर थांबावे.

तिसरी अडचण पश्चात्तापाची. दिल्यानंतर दोन दिवसांनी मूल रडते, "माझा चेंडू हवा." खेळणे परत आणायला जाऊ नये, ते आता दुसऱ्यांचे आहे. तसेच "तूच दिलास ना?" असे टोचूही नये. "आठवण येते ना त्याची," एवढे म्हणून सोबत बसणे पुरते. असे वारंवार झाले, किंवा निवडताना मूल मोठ्यांच्या चेहऱ्याकडे बघून वस्तू उचलत असेल, खेळणी लपवू लागले असेल, तर निवड त्याची नव्हती हे ओळखावे. पुढच्या वेळी संख्या कमी आणि वेळ जास्त द्यावा.

शेवटची चूक भाषेची असते. "ती गरीब आहेत, त्यांच्याकडे काहीच नाही" असे ऐकलेले मूल अंगणवाडीत दात्याच्या तोऱ्यात शिरते. "तिथे ठोकळे कमी आहेत आणि मुलं जास्त" हे तितकेच खरे आहे आणि त्यात कोणाला खाली पाहावे लागत नाही.

नेऊन देताना आणि त्यानंतर

पिशवी मुलाने स्वतः न्यावी आणि सेविका ताईंच्या हातात द्यावी. एकेका मुलाला पुढे बोलावून वाटप करू नये. खेळणी वर्गाची होतात, कोणा एकाची नाही. जमले तर दहा-पंधरा मिनिटे तिथेच खेळावे. आपल्या ठोकळ्यांचे घर दुसरे कोणी बांधते आहे हे पाहिले, की दिलेल्या वस्तूचे पुढे काय झाले हे मुलाला कळते. घरी आल्यावर भरमसाट कौतुक, नातेवाइकांना फोन, फोटो यांची गरज नाही. "ठोकळे मिळाल्यावर ती मुलं लगेच खेळायला लागली, पाहिलंस?" असे घडलेलेच सांगावे.

काही मुले पहिल्या वर्षी एकही खेळणे देत नाहीत. चादर पसरली, ढीग झाले आणि सगळे 'ठेवायची'मध्ये गेले, तर खेळणी परत कपाटात ठेवावीत आणि वाढदिवस नेहमीसारखा करावा. नकाराची शिक्षा झाली नाही, हे मुलाने पाहिले की पुढच्या वर्षीचा होकार त्याचा स्वतःचा असतो. मधल्या काळात शेजारच्या मुलाला खेळणे वापरायला देणे, चार दिवसांनी ते परत घेणे, असे छोटे व्यवहार चालू ठेवता येतात. पद्धत रुजते आहे की नाही, हे दिलेल्या खेळण्यांच्या संख्येवरून कळत नाही. वर्षाच्या अधेमध्ये, कोणी न विचारता, मूल एखादी वस्तू उचलून "ही अंगणवाडीत चालेल का?" असे विचारू लागले तर ती रुजली आहे.